पाच मिनिटांत गुऱ्हाळ मांडायचं कसं?

*मॅडम, मी कोल्हापुरात इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघींच्या गटाचा प्रकल्प गुऱ्हाळासाठी आहे. काहिलीतल्या रसाचं तापमान मोजायचं आणि गूळ उतरवायची वेळ झाली की भोंगा वाजवायचा. माझ्या मामाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. तो म्हणतो, आठवड्याला एखादं आदण बिघडतंच, मग दोन क्विंटल गुळाला क्विंटलमागे तीनशे रुपये कमी मिळतात. ऑगस्टमध्ये प्राध्यापकांच्या पॅनेलसमोर पाच मिनिटांत गरज, योजना आणि खर्च सांगायचा आहे. निवड झाली तर कॉलेज १५,००० रुपयांपर्यंत देतं. सराव केला तेव्हा १८ स्लाइडपैकी सातवीवरच वेळ संपली आणि खर्चापर्यंत पोचलोच नाही. खर्चाच्या स्लाइडवर आम्ही 'एकूण २५,०००' लिहिलंय, त्यात ॲपचे ८,००० आणि 'इतर' ५,००० आहेत. सेन्सर डीएस१८बी२० घेणार आहोत, स्वस्त आणि वॉटरप्रूफ मिळतो म्हणून. कुठं कात्री लावू? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

पोरी, पहिल्या सहा स्लाइडवर काय असणार याचा अंदाज मला आहे. कोल्हापुरी गुळाची थोरवी, २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, उसाखालचं क्षेत्र, शाहू मार्केट यार्डातले सौदे. सगळं खरं आहे, पण पॅनेलवर बसलेल्यांतले निम्मे लोक हंगामात गुऱ्हाळावर जाऊन काकवी प्यालेले असतात. त्यांना गूळ काय ते सांगण्यात दोन मिनिटं घालवलीस तर तुझ्या प्रकल्पाला तीनच उरतात. त्या सहाही काढून टाक.

मी बरीच वर्षं अशा पॅनेलवर बसले आहे. समोरच्या माणसांना त्या पाच मिनिटांत एकच ठरवायचं असतं: एवढे पैसे या मुलींना दिले तर मेपर्यंत काहीतरी हाती लागेल का? म्हणून तुझ्या बोलण्याची सुरुवात मामाच्या बिघडलेल्या आदणानं कर. आठवड्याला एक आदण, दोन क्विंटल, क्विंटलला तीनशे कमी, म्हणजे सहाशे रुपये. हंगाम साधारण वीस आठवड्यांचा धरला तर बारा हजार. गरजेचा हा एकच आकडा पुरे, आणि तोच पुढे खर्चाच्या वेळी पुन्हा कामाला येईल.

मात्र हा आकडा सध्या मामाच्या तोंडचा आहे, आणि पॅनेलमधलं कुणीतरी विचारेल, 'कशावरून?' त्यावरचं उत्तर मामाच्या घरात कुठंतरी खिळ्याला अडकवलेलं असणार. आडत्यानं दिलेल्या गेल्या हंगामाच्या पट्ट्या माग. एकाच दिवशी विकलेल्या दोन मालांच्या दरातला फरक काढ, कारण बाजारभाव रोज हलतो आणि वेगवेगळ्या दिवसांचे दर ताडले तर भलताच निष्कर्ष निघेल. फरक तीनशेऐवजी दोनशे निघाला तर दोनशे सांग. पट्टीवरचं नाव झाकून तिचा फोटो पहिल्या स्लाइडवर टाक.

याहून अवघड प्रश्न आधी स्वतःलाच विचार: ते आदण बिघडतं कशामुळं? गूळ काळपट येण्याचं कारण दर वेळी उशिरा उतरवणं हे नसतं. ऊस तोडून दोन दिवस पडून राहिला, भेंडीचा रस घालून मळी नीट काढली नाही, ऊसच कोवळा होता किंवा खारवट जमिनीतला होता, तरी गूळ बिघडतो, आणि तिथं तुझा भोंगा काही करू शकत नाही. तापमानाशी ज्याचा थेट संबंध आहे तो बिघाड दोन प्रकारचा. लवकर उतरवलं तर ओल जास्त राहते, रवा नीट धरत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर रंग गडद होतो आणि करपट वास येतो. मामाला आणि त्याच्या गुळव्याला विचार की बिघडलेल्यांपैकी या दोन प्रकारांतली किती होती. 'निम्मी असतील' असं म्हणाले तर पॅनेललाही निम्मीच सांग. बाराऐवजी सहा हजार म्हटल्यानं तुझी बाजू कमजोर होत नाही. तुम्ही नीट चौकशी केली आहे, हे त्यातून दिसतं.

गरजेला सव्वा मिनिट दे. आता योजना, आणि खरी मेख इथंच आहे.

तुमची सादरीकरणं ऑगस्टमध्ये आहेत. ऑगस्टमध्ये गुऱ्हाळ बंद असतं. चुलवाण पेटतं दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि पाऊस लांबला तर आणखी उशिरा. योजनेच्या स्लाइडवर 'सप्टेंबर : गुऱ्हाळात चाचणी' असं लिहिलेलं गट मी पाहिले आहेत. पॅनेलवर एखादा शेतकऱ्याच्या घरातला माणूस असला की तिथंच संपतं. म्हणून योजना हंगामाला धरून मांड. ऑगस्ट-सप्टेंबर प्रयोगशाळेत, ऑक्टोबरमध्ये बसवायचा दांडा तयार करणं, नोव्हेंबर-डिसेंबर गुऱ्हाळात फक्त नोंदी, जानेवारी-फेब्रुवारी भोंग्यासह चाचणी, मार्च अहवालाला. गुऱ्हाळ उशिरा सुरू झालं तर भोंग्याची चाचणी मार्चमध्ये सरकेल, तेव्हाही काहील चालू असते, हेही एका वाक्यात सांग.

प्रयोगशाळेत रस नसताना करायचं काय? साखरेचा पाक. साखर-पाणी उकळत ठेवलं की पाणी उडतं तसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. गुळाच्या तापमानापर्यंत तो शेगडीवर सहज नेता येतो. शेजारी प्रयोगशाळेतला पाऱ्याचा थर्मामीटर ठेवून सेन्सर किती मागे राहतो ते बघायचं. पाक म्हणजे उसाचा रस नव्हे, त्यात रसातली इतर द्रव्यं नसतात. त्यामुळं उतरवायचं तापमान यातून ठरणार नाही. सेन्सर, त्याची वायर आणि तुमची जोडणी एवढी उष्णता सोसतात का, एवढंच कळेल. ऑगस्टमध्ये तेवढं पुरेसं आहे.

सेन्सरबद्दल मात्र मी हट्टानं सांगेन की डीएस१८बी२० सोडा. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची अर्ध्या अंशाची अचूकता उणे १० ते ८५ अंशांपर्यंतच दिलेली आहे, आणि त्याची कमाल मर्यादाच १२५ अंश आहे. काकवी साधारण १०५ अंशांच्या आसपास उतरवतात, भरीव गूळ ११८ ते १२० च्या आसपास. म्हणजे तुम्हाला ज्या पट्ट्यात एकेका अंशाचं महत्त्व आहे, नेमका तिथंच तो भरवशाचा नाही. शिवाय वॉटरप्रूफ म्हणून मिळणाऱ्या नळीला बहुधा साधी पीव्हीसी वायर असते, काहिलीच्या काठावर ती मऊ पडते. पीटी १०० घ्या, स्टीलच्या नळीतला आणि उष्णता सोसणाऱ्या वायरचा, आणि दुकानदाराला 'क्लास ए' हवा असं स्पष्ट सांगा. १२० अंशांना क्लास ए मध्ये चूक साधारण ०.४ अंशाची असते, क्लास बी मध्ये ०.९ ची. त्याच्यासोबत मॅक्स३१८६५ चा बोर्ड लागेल. पॅनेलवर इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं असतील, तेव्हा 'स्वस्त मिळतो' हे कारण तिथं चालणार नाही. 'आमचं काम ११५ ते १२२ अंशांच्या पट्ट्यात आहे, म्हणून हा सेन्सर' हे एक वाक्य चालेल.

याच संदर्भात एक प्रश्न हमखास येतो. तुम्ही सेन्सर उकळत्या पाण्यात तपासाल आणि तो १०० ऐवजी ९८ दाखवेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू जवळजवळ एक अंश उतरतो, तेव्हा इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. हे माहीत नसलेला गट सेन्सरमध्ये दोन अंश मिळवून टाकतो आणि मग सगळी मापं चुकतात. पाकाचं आणि रसाचंही तेच होतं, म्हणून पुस्तकातला ११८ चा आकडा कुठं मोजलेला आहे हे बघितल्याशिवाय तो भोंग्यात भरू नका.

मग भोंग्याला आकडा द्यायचा कुठून? गुळव्याकडून. तो पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि 'उतरवा' म्हणतो. पहिले दोन महिने तुमच्या यंत्राला भोंगाच नको. त्याला एक बटण लावा. गुळव्या 'उतरवा' म्हणाला की तुमच्यातली एक जण बटण दाबेल आणि त्या क्षणाचं तापमान नोंदलं जाईल. आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीला तीन आदणं, म्हणजे चोवीस नोंदी. त्या आदणांचा गूळ कसा निघाला हे दुसऱ्या दिवशी मामाकडून विचारून पुढे लिहायचं. चांगल्या निघालेल्या आदणांची तापमानं दोन अंशांच्या आत बसली तर भोंग्याला अर्थ आहे. चार-पाच अंशांत विखुरली तर एकट्या तापमानावर गूळ उतरवता येत नाही, असा तुमचा निष्कर्ष निघेल आणि अहवालात तोच लिहायचा. 'फसलं तर काय?' या प्रश्नाचं उत्तर असं योजनेच्या आतच असलं की पॅनेल पुढं फार खोदत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. 'गुळव्याची गरज उरणार नाही' असलं वाक्य तुमच्या स्लाइडवर असेल तर ते आपोआप जाईल. त्याच्या मदतीशिवाय तुम्हाला एकही आकडा मिळणार नाही आणि मामाचा गुळव्या ते वाक्य ऐकून तुम्हाला काहिलीजवळ उभंही करणार नाही.

बसवण्याबद्दल थोडंसं. नळी काहिलीच्या तळाला टेकली तर तळाची उष्णता मोजेल. फार वर राहिली तर शेवटी पातळी खाली गेल्यावर फेसात आणि वाफेत लटकेल आणि आकडा नाचायला लागेल. हे आलेखावर लगेच ओळखू येतं: खरं तापमान सलग चढतं, वाफेतलं वरखाली होतं. काठाला अडकणारा, उंची बदलता येणारा आणि ढवळणाऱ्याच्या हाताआड न येणारा दांडा लागेल. उद्यमनगरातला फॅब्रिकेशनवाला तो करून देईल, पण त्याआधी मामाच्या काहिलीच्या काठाचं माप घेऊन जा. नळी जाड असेल तर ती उशिरा तापते. समजा शेवटच्या टप्प्यात तापमान मिनिटाला एक अंश चढतंय आणि सेन्सर अर्धा मिनिट मागं आहे, तर तुमचा आकडा अर्ध्या अंशानं कमी असेल. ही मागं राहण्याची वेळ पाकातच मोजून ठेवा.

हे सगळं दोन मिनिटांत सांगायचं नाहीये, घाबरू नकोस. बोलताना फक्त चार गोष्टी: पाकात तपासणी, गुळव्यासोबत चोवीस नोंदी, मग भोंगा, आणि महिन्यांचा तक्ता. बाकीचं प्रश्नांसाठी खिशात ठेव.

आता खर्च. पंचवीस हजारांची स्लाइड पाहिली असती तर मी पहिला प्रश्न 'इतर म्हणजे काय?' हाच विचारला असता. ॲप काढून टाका. गुळव्याचे हात पाकाचे असतात, तो मोबाइल बघणार नाही. आकडा डब्यावरच मोठा दिसला आणि नोंद मेमरी कार्डावर गेली की झालं. ॲप गेलं तरी प्रकल्पाचं काही अडत नाही, म्हणजे तो खर्च मागायचाच नव्हता.

मग राहतं ते असं मांड. मोजणीचा भाग: पीटी १०० चे दोन नग आणि त्यांचे दोन बोर्ड, २,७०० रुपये. दोन अशासाठी की उकळत्या पाकात एक गेला तर हंगाम वाया जाऊ नये. हे कारण तक्त्यातच लिही. नोंदीचा भाग: ईएसपी ३२ चे दोन बोर्ड, दिसणारा आकडा, भोंगा, कार्ड, बॅटरी आणि वाफ न शिरणारा डबा, ३,१०० रुपये. दांडा १,२००. तपासणीसाठी दहा किलो साखर ४५०. गुऱ्हाळाच्या बारा फेऱ्यांचं पेट्रोल, फेरीला शंभर धरून, १,२००. बेरीज ८,६५०. दर वाढले किंवा काही मोडलं तर म्हणून सुमारे दहा टक्के, ८५० रुपये. एकूण ९,५००. मी दर अंदाजानं धरले आहेत. तू इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून जीएसटीसह लेखी कोटेशन आण आणि त्यावरची तारीख दिसू दे. 'ऑनलाइन एवढ्याला मिळतं' हे पॅनेलला कुणीही सांगतं. पाऱ्याचा थर्मामीटर आणि शेगडी विभागाचीच वापरणार, हेही तक्त्यात शून्य रुपयांच्या ओळीत लिही, म्हणजे ते तुम्ही विसरला नाहीत हे दिसेल.

पंधरा हजार मिळू शकतात म्हणून पंधरा मागायचा मोह होईल. मागू नका. साडेनऊची प्रत्येक ओळ तुम्हाला पटवून देता येते. वरच्या साडेपाचची एकही येणार नाही, आणि त्या ओळींवर शंका आली की बाकीच्यांवरही येते. पेट्रोलला काही कॉलेजांत पैसे देत नाहीत, ते आधी विभागप्रमुखांना विचारून घे. देत नसतील तर ती ओळ 'गट स्वतः करणार' अशी ठेव, पण पुसू नको.

आता पहिल्या मिनिटातला आकडा परत आण. सुट्ट्या वस्तू, साखर आणि पेट्रोल वगळलं तर एक यंत्र सव्वापाच हजारांच्या आत बसतं: सेन्सर आणि बोर्ड १,३५०, नोंदीचा भाग २,६००, दांडा १,२००. मामाचं वर्षाला बाराऐवजी सहा हजारांचं नुकसान तापमानामुळं होत असेल आणि ते सगळं टळलं, तर एका हंगामात यंत्राचे पैसे निघतात. निम्मंच टळलं तर दोन हंगामांत. दोन्ही सांग.

बोलायचं कसं याचा नमुना देते, तुझ्या आकड्यांनी बदल:

'सर, मॅडम, हा एका गुऱ्हाळाच्या पट्टीचा फोटो आहे. एकाच दिवशी विकलेला दोन आदणांचा गूळ, दरात क्विंटलमागे तीनशेचा फरक. अशी बिघडलेली आदणं आठवड्याला एक. गुळव्याच्या सांगण्यानुसार त्यातली निम्मी लवकर किंवा उशिरा उतरवल्यामुळं बिघडतात. म्हणजे या एका गुऱ्हाळाला हंगामात सुमारे सहा हजारांचा फटका. उतरवायचं तापमान इथं कुणी मोजत नाही. आम्ही ते आधी मोजणार आहोत आणि मगच भोंगा लावणार आहोत.'

हे घड्याळ लावून म्हण, अर्ध्या मिनिटाच्या आसपास बसतं. गरजेला दिलेल्या वेळेतलं मग पाऊण मिनिट उरतं, तेवढ्यात काहिलीचा फोटो दाखवून बिघाडाचे दोन प्रकार सांग. योजनेला दोन मिनिटं, खर्चाला सव्वा. अर्धं मिनिट मोकळं ठेव, कारण प्रोजेक्टर चालू होईपर्यंत तेवढं जातंच. स्लाइड तीनच: पट्टी आणि काहील, महिन्यांचा तक्ता, खर्चाचा तक्ता. चौघींनी वाटून बोलू नका, माइक फिरवण्यात वेळ जातो. एकीनं बोलावं आणि प्रश्नांना मात्र चौघींनी उत्तरं द्यावीत. सेन्सरचा प्रश्न जिनं माहितीपत्रक वाचलंय तिच्याकडे जावा. इंग्रजीत की मराठीत बोलायचं ते विभागात विचारून घे. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी आदण आणि गुळव्या हे शब्द तसेच ठेव.

आणि जाण्याआधी दोन कागद फाइलला लाव. एक, मामाची सही असलेलं परवानगीचं पत्र, त्यात किती दिवस आणि कोणत्या महिन्यांत येणार ते. दुसरा, सुरक्षेचा एक परिच्छेद: दांडा काहील रिकामी आणि थंड असतानाच बसवणार, उकळत्या पाकाजवळ बंद बूट आणि सुती कपडे, वाकून सेन्सर काढायचा नाही, एकटीनं जायचं नाही. ११८ अंशांचा पाक कातडीला चिकटतो आणि भाजत राहतो. मुलींना तिथं पाठवताना पॅनेलला याचीच काळजी जास्त असते, आणि तुम्हाला विचारायला ते कधीकधी संकोचतात. त्यांनी न विचारताच तो कागद पुढं कर.

सराव या रविवारी मामाकडंच जाऊन कर. समोर मामा आणि जमलं तर गुळव्याही बसू दे. 'पाणी ९८ ला उकळतं' या वाक्यावर दोघं हसतील, त्यांना समजावता आलं तर पॅनेललाही येईल. येताना पट्ट्या आणि काहिलीच्या काठाचं माप घेऊन ये.